थोरलीच्या अल्बममध्ये धाकटी, कासचे फोटो साताऱ्यात: गूगल फोटोजमधली दुरुस्ती कोणत्या क्रमाने करावी

गूगल फोटोजमध्ये चेहरे आणि ठिकाणं चुकीची लागली, तर दुरुस्तीची बटणं सापडायला फार वेळ लागत नाही. अडचण क्रमाची असते. दिसेल ती चूक दिसेल तिथे दुरुस्त करत गेलं, की आधी केलेलं काम पुढच्या पायरीला वाया जातं आणि कधीकधी चूक आणखी पसरते. या प्रकरणातलं पुण्याचं कुटुंब एकच एक घर नाही. अनेक घरांमध्ये नेहमी दिसणाऱ्या चुका एका खात्यात एकत्र करून हे उदाहरण मांडलं आहे.

## खात्यात काय झालं आहे

खातं आईचं आहे. दोन मुली आहेत, थोरली 2012 ची आणि धाकटी 2017 ची. गूगल फोटोजने चेहऱ्यांवरून केलेल्या गटांना आईने नावं दिली आहेत. थोरलीच्या गटावरून एक आपोआप भरणारा अल्बम केला आहे, म्हणजे तिचा नवा फोटो खात्यात आला की तो न सांगता त्यात जाऊन बसतो. हा अल्बम साताऱ्याच्या आजी-आजोबांना आणि परदेशातल्या मावशीला शेअर केलेला आहे.

त्या अल्बममध्ये आता धाकटीचे शेकडो फोटो आहेत. अधूनमधून शेजारची एक मुलगीही दिसते. तिच्या आईवडिलांना आपल्या मुलीचे फोटो कुणाला दिसतात याची कल्पना नाही. उलट, थोरलीचे स्वतःचे तान्हेपणीचे बरेच फोटो अल्बममध्ये नाहीतच.

ठिकाणांच्या बाबतीत एका सहलीचा घोळ झाला आहे. सकाळी पुण्याहून निघून केतकावळ्याचं प्रतिबालाजी मंदिर, मग साताऱ्यात नाश्ता आणि पुढे कास पठार अशी ती सहल होती. नकाशावर मात्र मंदिराचे फोटो आंध्र प्रदेशात तिरुमलाला दिसतात आणि कासची फुलं सातारा शहरात. दोन्ही चुका ठिकाणाच्याच आहेत, पण त्यांची कारणं वेगळी आहेत आणि म्हणून उपायही वेगळे आहेत.

## बहिणी एका गटात का येतात

ॲप आधी फोटोत चेहरा कुठे आहे ते शोधतं. मग त्या चेहऱ्याचं आकड्यांच्या रूपात एक प्रतिरूप तयार करतं आणि ज्यांची प्रतिरूपं एकमेकांच्या पुरेशी जवळ असतील ते चेहरे एका गटात टाकतं. मोठ्या माणसाचा चेहरा पाच-सात वर्षांत फारसा बदलत नाही. मुलाचा चेहरा दर काही महिन्यांनी बदलतो. त्यामुळे तीन वर्षांची धाकटी ही आठ वर्षांच्या थोरलीपेक्षा तीन वर्षांच्या थोरलीला जास्त जवळची ठरते. थोरलीच्या गटात तिचे लहानपणीचे फोटो असतातच, आणि धाकटीला आत यायला तोच रस्ता मिळतो.

शिवाय चेहरा नीट दिसत नसेल तेव्हा फोटो केव्हा काढला आणि अंगावर कपडे कोणते होते असे इतर धागेही ॲप वापरू शकतं. दिवाळीला दोघींना एकाच कापडाचे परकर-पोलके शिवले असतील, तर तो दिवस चुकांनी भरलेला असणार हे गृहीत धरून तो मुद्दाम तपासावा.

यापलीकडे माणसाने केलेली एक चूक इथे आहेच. ॲप मधूनमधून दोन चेहरे शेजारी दाखवून विचारतं, ही एकच व्यक्ती आहे की वेगवेगळ्या? उत्तरासाठी `Same`, `Different` आणि `Not sure` हे पर्याय असतात. घाईत दिलेलं एक `Same` एका फोटोपुरतं राहत नाही, दोन अख्खे गट एकत्र होतात. एकत्र झालेले गट पुन्हा वेगळे करायचं बटण गूगल फोटोजमध्ये नाही. मग आत मिसळलेले फोटो निवडून काढत बसावं लागतं. म्हणून शंका असेल तिथे `Not sure` हेच योग्य उत्तर आहे.

दोन आज्यांच्या बाबतीतही हेच घडतं. आईकडच्या आणि वडिलांकडच्या, दोघींच्या गटांना ‘आजी’ असंच नाव दिलं, की ॲप हे दोन गट एकत्र करू का असं विचारतं आणि आपण हो म्हणतो. ‘आजी सातारा’ आणि ‘आजी पुणे’ अशी नावं पहिल्या दिवसापासून द्यावीत.

## सर्वात आधी: अल्बमचं आपोआप भरणं थांबवणं

दुरुस्ती चालू असताना गट हलते असतात. काढलेला चेहरा पुन्हा कुठेतरी जोडला जातो, नवे गट तयार होतात. या काळात आपोआप भरणारा अल्बम चालू ठेवला, तर अर्धवट दुरुस्तीचे परिणाम थेट आजी-आजोबांच्या फोनवर पोचतात.

म्हणून अल्बम उघडून तीन ठिपक्यांच्या यादीतून `Options` मध्ये जावं. कोणाचे फोटो आपोआप जोडले जातात ते तिथे चेहऱ्यांनिशी दिसतं. थोरलीचा चेहरा तिथून काढावा. आधी जोडलेले फोटो ठेवायचे का असं विचारलं, तर तूर्त ठेवावेत. शेअरिंग पूर्ण बंद करायची गरज नसते, तसं केल्यास अल्बम पुन्हा सगळ्यांना पाठवावा लागतो. शेजारच्या मुलीचे फोटो मात्र लगेच, हाताने, `Remove from album` ने काढावेत. ते गटाच्या दुरुस्तीसाठी थांबवून ठेवू नयेत.

वडिलांच्या खात्याशी ‘पार्टनर शेअरिंग’ चालू असेल आणि त्यात ठरावीक व्यक्तींचेच फोटो पाठवायचा पर्याय निवडलेला असेल, तर तोही याच गटांवर चालतो. तोही दुरुस्ती संपेपर्यंत थांबवावा.

## तारखा: दुरुस्तीचा खरा पाया

या खात्यात चेहऱ्यांना हात लावण्याआधी तारखा सुधाराव्या लागतात. कारण असं की, दोन बहिणींना वेगळं ओळखायचं सर्वात भक्कम साधन चेहरा नसून वय आहे. 2016 च्या फोटोतलं बाळ धाकटी असूच शकत नाही, ती जन्मलीच नव्हती. 2020 च्या फोटोतली तीन वर्षांची मुलगी थोरली असूच शकत नाही, ती आठ वर्षांची होती. फोटोची तारीख खरी असेल, तर एकेक चेहरा निरखत बसावं लागत नाही.

पण या खात्यात 2021 साली कागदी अल्बम स्कॅन करून टाकलेला आहे. थोरलीच्या बारशाचे आणि पहिल्या वाढदिवसाचे फोटो 2021 मध्ये दिसत आहेत, कारण स्कॅनरने त्या दिवसाची तारीख लावली. वयाचा नियम लावून ‘2021 मधलं प्रत्येक बाळ धाकटी’ असं म्हटलं, तर थोरलीचंच बारसं तिच्या गटातून बाहेर जाईल. 2021 मध्ये धाकटी चार वर्षांची होती, तान्ही नव्हती, हेसुद्धा अशा घाईत कुणाच्या लक्षात येत नाही. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंचंही असंच असतं. साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोमधून मूळ तारीख आणि ठिकाण दोन्ही निघून जातं. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तरच मूळ फाइल जशीच्या तशी पोचते. `IMG-20230514-WA0012.jpg` अशा नावातली तारीख फोटो व्हॉट्सॲपवरून आल्याची असते. तो काढला केव्हा गेला हे त्यातून कळत नाही.

हे काम संगणकावर, ब्राउझरमध्ये करावं. स्कॅन केलेले फोटो एकत्र निवडायचे, वरच्या तीन ठिपक्यांतून `Edit date & time` घ्यायचं. तिथे दोन मार्ग मिळतात. एकात सगळ्या फोटोंना एकच तारीख लागते, दुसऱ्यात प्रत्येक फोटोची वेळ सारख्याच अंतराने पुढेमागे सरकते. बारशाच्या फोटोंना एकच तारीख लावली तर चालते. दिवस आठवत नसेल तर महिना तरी बरोबर असावा. वयाच्या नियमाला तेवढं पुरतं.

सरकवण्याचा मार्ग कॅमेऱ्याच्या चुकलेल्या घड्याळासाठी आहे. सहलीत चुलत्यांनी डीएसएलआरने काढलेले मंदिराचे फोटो रात्री साडेसातचे दिसत होते, आणि फोटोत तर लख्ख ऊन. घड्याळ लावताना सकाळ-संध्याकाळची गल्लत झाली होती. त्याच दरवाजासमोर फोनने काढलेला फोटो शोधून दोन्ही वेळांतला फरक मोजला, तर तो बारा तासांचा निघतो. ते सगळे फोटो निवडून बारा तास मागे सरकवले, की क्रम जुळतो.

## कासचे फोटो साताऱ्यात: कॅमेऱ्याने लिहिलेलं ठिकाण

तारखांनंतर चेहऱ्यांकडे वळावंसं वाटतं. त्याआधी ठिकाणांचा एक भाग उरकायचा असतो. फोटो पुन्हा अपलोड करावे लागले, तर जुन्या प्रतीवर केलेली चेहऱ्यांची दुरुस्ती तिच्याबरोबरच कचऱ्यात जाते.

ठिकाण तीन वाटांनी येऊ शकतं. फोनच्या कॅमेऱ्याने फाइलमध्येच जीपीएसचे आकडे लिहिलेले असतात, किंवा आपण हाताने ठिकाण घातलेलं असतं, किंवा गूगलने अंदाज केलेला असतो. ॲपमध्ये बदलता किंवा काढता येतात ती शेवटची दोन. कॅमेऱ्याने लिहिलेलं ठिकाण ॲपमधून बदलता येत नाही. फोटो उघडून माहितीचा पडदा पाहिला, की अंदाज असेल तिथे तो अंदाज असल्याचं लिहिलेलं दिसतं. कासच्या फोटोंवर तसं काही नाही. म्हणजे साताऱ्याचे आकडे फोनने स्वतः लिहिले आहेत.

हे घडतं कसं? फोटो काढताना फोनला नवं स्थान मिळालं नाही, तर काही कॅमेरा ॲप शेवटचं माहीत असलेलं स्थान तसंच लिहून टाकतात. बॅटरी वाचवण्याची सेटिंग चालू असली किंवा घाटात मोबाइलचं नेटवर्क तुटलं, की याची शक्यता वाढते. साताऱ्यात नाश्त्याच्या वेळी घेतलेलं स्थान सुमारे पंचवीस किलोमीटरवरच्या कासला पोचलं ते असं.

खात्री करून घ्यायला एक्झिफटूल हे मोफत साधन वापरावं. फोनमधल्या मूळ फाइली संगणकावर एका फोल्डरमध्ये घेऊन ही आज्ञा द्यावी:

```
exiftool -n -T -FileName -GPSLatitude -GPSLongitude -GPSTimeStamp -DateTimeOriginal *.jpg
```

इथे दोन खुणा पाहायच्या. पहिली, अनेक फोटोंचे अक्षांश-रेखांश शेवटच्या आकड्यापर्यंत तंतोतंत सारखे असणं. चालत्या माणसाचं जीपीएस इतकं स्थिर कधीच नसतं. दुसरी खूण अधिक पक्की आहे. `GPSTimeStamp` ही वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते आणि बहुतेक फोनमध्ये ती स्थान कधी मिळालं ते सांगते. आपली घड्याळं तिच्या साडेपाच तास पुढे. कासच्या एका फोटोत `DateTimeOriginal` 11:20 आहे आणि `GPSTimeStamp` 04:05. त्यात साडेपाच तास मिळवले तर 9:35 होतात, म्हणजे स्थान पावणेदोन तास जुनं आहे. 9:35 ला सगळे साताऱ्यात होते.

आता दोन पर्याय आहेत. बहुतेक फोटोंसाठी सोपा पर्यायच शहाणपणाचा: फोटोच्या माहितीत वर्णनाच्या जागी ‘कास पठार’ लिहावं. वर्णन शोधात सापडतं, फोटो जागचा हलत नाही, अल्बम आणि प्रतिक्रिया तशाच राहतात. नकाशावर तो साताऱ्यात दिसत राहील, इतकंच.

नकाशाही बरोबर हवा असेल, तर फाइल बदलून पुन्हा अपलोड करण्यावाचून गत्यंतर नाही. निवडक फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये घेऊन:

```
exiftool -GPSLatitude=17.72 -GPSLatitudeRef=N -GPSLongitude=73.82 -GPSLongitudeRef=E *.jpg
```

दशांशानंतर दोन आकडे म्हणजे सुमारे एक किलोमीटरपर्यंतची अचूकता. पठारासाठी ती पुरेशी आहे. एक्झिफटूल मूळ फाइल `_original` अशी शेपटी जोडून शेजारी ठेवतं, ती सगळं तपासून होईपर्यंत पुसू नये. बदललेली फाइल गूगल फोटोजच्या दृष्टीने नवी असते. म्हणून अपलोड झाल्यावर दोन प्रती दिसतील, आणि जुनी आपणच काढायची. नवी प्रत नकाशावर कासला दिसते आहे, तारीख बरोबर आहे, हे पाहिल्यावरच जुनी कचऱ्यात टाकावी. फोनच्या ॲपमधून टाकली तर फोनमधली मूळ प्रतही जाऊ शकते, म्हणून हे काम मूळ फाइली संगणकावर सुरक्षित असतानाच करावं. जुनी प्रत ज्या अल्बममध्ये होती तिथे नवी आपोआप जात नाही, ती पुन्हा घालावी लागते.

फोनमध्ये मूळ फाइल उरलीच नसेल आणि खात्यात फोटो जागा वाचवणाऱ्या दर्जात ठेवले असतील, तर उतरवून घेतलेली प्रत मुळातच दाबलेली असते. अशा फोटोंच्या बाबतीत वर्णन लिहून थांबावं.

## मंदिर तिरुमलाला: गूगलचा अंदाज

चुलत्यांच्या डीएसएलआरमध्ये जीपीएस नाही, त्यामुळे फाइलमध्ये ठिकाणच नव्हतं. पूर्वी गूगल अशा फोटोंचं ठिकाण फोनच्या लोकेशन हिस्टरीवरून ठरवत असे. ते थांबवल्याचं गूगलने 2022 मध्ये जाहीर केलं, आणि त्या पद्धतीने लावलेली जुनी ठिकाणं ठेवायची की पुसायची हे ठरवायला वापरणाऱ्यांना 1 मे 2023 पर्यंत मुदत दिली. त्यानंतर भर आहे तो फोटोत दिसणाऱ्या ओळखीच्या वास्तूंवर. केतकावळ्याचं मंदिर तिरुमलाच्या व्यंकटेश्वर मंदिराची प्रतिकृती म्हणूनच बांधलं आहे. बाहेरून काढलेल्या फोटोत गोपुर दिसलं आणि अंदाज मूळ मंदिरावर गेला. वास्तू ओळखण्यात चूक नाही, ती कुठली प्रत आहे हे फोटोवरून कळण्यासारखं नव्हतं.

ही चूक नकाशावर लगेच उठून दिसते, कारण एकाच सकाळी पुणे, आंध्र आणि सातारा असा प्रवास गाडीने शक्य नाही. सहलीच्या आठवणीला ॲपने आपोआप दिलेलं शीर्षकही यावरूनच चुकतं. ते वेगळं बदलावं लागतं.

दुरुस्ती सरळ आहे. ब्राउझरमध्ये ते सगळे फोटो निवडून तीन ठिपक्यांतून `Edit location` घ्यावं आणि शोधात केतकावळे लिहून सुचवलेल्या नावांपैकी योग्य ते निवडावं. निवडण्याआधी नावाखालचा जिल्हा वाचावा. महाराष्ट्रात एकाच नावाची गावं अनेक आहेत, आणि इथे घाई केली तर एक चूक जाऊन दुसरी बसते. प्रतिकृतींच्या बाबतीत हे पुन्हा घडू नये असं वाटत असेल, तर सेटिंगमध्ये ठिकाणांच्या पर्यायांखाली `Estimate missing locations` आहे, ते बंद करता येतं. पण मग गेटवे ऑफ इंडियासमोरच्या जुन्या फोटोंना बरोबर लागणारी ठिकाणंही मिळणार नाहीत. ज्या घरात स्कॅन केलेले फोटो फार आहेत तिथे ते चालू ठेवून, चुकतील ती ठिकाणं हाताने सुधारावीत हे बरं.

हाताने घातलेलं ठिकाण आणि बदललेली तारीख गूगलच्या नोंदीत राहते, मूळ फाइलमध्ये लिहिली जात नाही. पुढे कधी फोटो दुसरीकडे हलवायचे असतील तर हे लक्षात असलेलं बरं.

## बहिणींना वेगळं करणं

आता तारखा बरोबर आहेत, पुन्हा अपलोड करायचे फोटो करून झाले आहेत. थोरलीचा गट उघडावा. फोटो नव्याकडून जुन्याकडे लागलेले असतात. जिथे घोळ असणारच असा काळ आधीच ठरवता येतो. धाकटीच्या जन्मापासून ती सहा-सात वर्षांची होईपर्यंतचे, म्हणजे 2017 ते 2024 चे फोटो. या काळात थोरली पाच ते बारा वर्षांची आहे, म्हणून जिथे पाच वर्षांखालचं मूल दिसेल तो फोटो संशयित. 2017 च्या आधीचं काहीच तपासावं लागत नाही, आणि कामाचा बराच भाग इथेच वाचतो. अपवाद एकच: तिथे शेजारची किंवा एखादी चुलत बहीण असू शकते, म्हणून एक नजर टाकावी.

गटातून काढायची पद्धत काटेकोर पाळावी. आधी तीन ठिपके, मग `Remove results`, त्यानंतर फोटो निवडायचे आणि `Remove` म्हणायचं. उलट क्रमाने, म्हणजे आधी फोटो निवडून, वर दिसणारी कचऱ्याची खूण दाबली तर फोटो गटातून नव्हे, खात्यातूनच जातो. बॅकअप झालेला फोटो कचऱ्यात 60 दिवस राहतो, तोपर्यंत परत आणता येतो. या खात्यातले काही फोटो आधीच तसे गेले असतील ही शंका घेऊन कचरा एकदा उघडून पाहावा.

ज्या फोटोत दोघीही आहेत तिथे थांबावं. फोटो थोरलीच्या गटात असणं बरोबरच आहे. चूक असेल तर ती चेहरा कोणाचा लागला याची. असे फोटो `Remove results` ने सरसकट न काढता एकेक उघडावेत. माहितीच्या पडद्यावर व्यक्तींच्या रांगेशेजारी पेन्सिलची खूण असते. तिथे कोणता चेहरा कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. चुकीचा चेहरा तिथून काढता येतो आणि सापडलेला पण कुणाला न लावलेला चेहरा `Available to add` खाली दिसतो. त्याला धाकटीचं नाव द्यावं. हे काम वेळखाऊ आहे आणि त्याला दुसरा सोपा मार्ग नाही. दिवाळीचे सारख्या परकर-पोलक्यांतले फोटो बहुतेक याच प्रकारात येतात.

काढलेले चेहरे लगेच धाकटीच्या गटात जात नाहीत. काही काळाने ते वेगळे छोटे गट म्हणून दिसू लागतात: तान्ही धाकटी, जावळ काढल्यानंतरची धाकटी, चष्मा लागल्यावरची धाकटी. हे गट धाकटीच्या मुख्य गटात एकत्र करायचे असतात. छोटा गट उघडून नाव लिहायच्या जागी तिचं नाव लिहायला लागलं, की खाली आधीचा गट सुचवला जातो. तो निवडला की एकत्र करण्याबद्दल विचारणा होते. हो म्हणण्याआधी त्या छोट्या गटातला प्रत्येक फोटो वरपासून खालपर्यंत पाहावा. वीस फोटोंच्या गटात थोरलीचे तीन असले, तर आधी ते काढावेत आणि मगच एकत्र करावं. एकत्र झाल्यावर ते तीन फोटो हजारांमध्ये शोधावे लागतात.

थोरलीच्या तान्हेपणीचे हरवलेले फोटोही असेच छोट्या, बिननावाच्या गटांमध्ये सापडतात, कारण बाळाचा चेहरा शाळकरी मुलीच्या चेहऱ्याशी जुळला नाही. स्कॅनच्या तारखा आता 2012-13 च्या झाल्या आहेत, त्यामुळे ते कोणाचे हे ठरवणं सोपं जातं. लग्नातले फोटोही याच रीतीने तुटतात. मुंडावळ्या, फेटा आणि मेकअप यांमुळे नवरा-नवरीचा त्या दिवसापुरता वेगळा गट होतो. दिवाणखान्यातल्या हार घातलेल्या तसबिरीतला आजोबांचा चेहराही ॲप ओळखतं, म्हणून ते त्यांच्या निधनानंतरच्या वाढदिवसांच्या फोटोंत दिसतात. ही चूक मानायची की नाही हे घरानेच ठरवावं. काढायचे असतील तर तारखेची सीमा इथेही उपयोगी पडते.

गट इतका बिघडला आहे की चेहऱ्यांची गटवारी बंद करून पुन्हा चालू करावी, असा सल्ला अनेकदा दिला जातो. तसं केल्यास खात्यातले सगळे चेहऱ्यांचे गट, त्यांची प्रतिरूपं आणि आपण दिलेली सगळी नावं पुसली जातात, फक्त बिघडलेल्या गटाची नव्हे. आणि ज्या कारणाने बहिणी एकत्र आल्या ते कारण तसंच राहतं, म्हणजे नवी गटवारीही त्याच जागी चुकण्याची शक्यता असते. बहुतेक नावं बरोबर असलेल्या खात्यात हा उपाय करू नये.

## अल्बम पुन्हा चालू करण्याआधीची तपासणी

गट सुधारला म्हणून आधी भरलेल्या अल्बममधले फोटो आपोआप निघून जातील असं धरून चालू नये. अल्बम उघडून 2017 नंतरचे फोटो पाहावेत आणि धाकटीचे एकटीचे उरलेले फोटो `Remove from album` ने काढावेत. घोळ मोठा असेल, तर जुना अल्बम तसाच गोठवून थोरलीच्या सुधारलेल्या गटावरून नवा अल्बम करावा आणि त्याची लिंक पाठवावी. वेळ कमी लागतो, फक्त जुन्यातल्या प्रतिक्रिया जुन्यातच राहतात.

ज्यांना पक्की खात्री हवी त्यांच्यासाठी गूगल टेकआउट आहे. सगळं खातं उतरवायची गरज नाही. गूगल फोटोज निवडून फक्त `Photos from 2020` सारखा एखाद्या वर्षाचा फोल्डर मागवता येतो. प्रत्येक फोटोबरोबर एक जेसन फाइल येते. तिच्यात `people` खाली त्या फोटोत लागलेली नावं असतात. थोरलीचं नाव लागलेल्या फोटोंची यादी जेक्यू या साधनाने अशी काढावी:

```
jq -r 'select(any(.people[]?; .name=="थोरली")) | .title' *.json
```

‘थोरली’च्या जागी गटाला दिलेलं नाव अक्षरशः तसंच लिहायचं, मोकळ्या जागांसकट. यादीतल्या फाइली फोल्डरमध्ये लघुचित्रांच्या रूपात पाहिल्या, की 2020 मधलं तीन वर्षांचं मूल डोळ्यांतून सुटत नाही. त्याच जेसनमध्ये ठिकाणाच्या दोन नोंदी असू शकतात. `geoDataExif` म्हणजे फाइलमधलं ठिकाण आणि `geoData` म्हणजे गूगल सध्या मानतं ते:

```
jq -r '[.title, .geoData.latitude, .geoDataExif.latitude] | @tsv' *.json
```

तिसरा रकाना रिकामा किंवा शून्य असेल, तर फाइलमध्ये ठिकाण नव्हतं. ते अंदाजाने किंवा हाताने आलं आहे आणि ॲपमध्येच सुधारता येईल. दोन्ही रकाने सारखे आणि दोन्ही चुकीचे असतील, तर तो कासच्या जातीचा फोटो आहे.

सगळं जुळल्यावर अल्बमच्या `Options` मध्ये थोरलीचा चेहरा पुन्हा जोडावा. ही सगळी दुरुस्ती आईच्या खात्यापुरती आहे. चेहऱ्यांचे गट आणि नावं फक्त त्या त्या खात्याच्या मालकाला दिसतात, शेअर केलेल्या फोटोबरोबर ती जात नाहीत. वडिलांच्या आणि मावशीच्या खात्यात याच दोन बहिणी अजून एकत्रच असू शकतात, आणि तिथली दुरुस्ती त्यांनाच करावी लागेल. स्कॅन केलेल्या फोटोंच्या सुधारलेल्या तारखांची यादी त्यांना आधी पाठवली, तर त्यांचं निम्मं काम हलकं होतं.